अपेंडिक्स काढावी की ठेवावी?

खानापूर तालुक्यातील एका भगिनीचे चार पानी पत्र आमच्यापुढे आहे. त्यांच्या धाकट्या मुलाचे वय २४ वर्षांचे. चौदा महिन्यांपूर्वी एका रात्री त्याच्या पोटात दुखू लागले, सकाळी त्याला बेळगावास नेले, आणि तेथील डॉक्टरांनी अपेंडिक्सला सूज आल्याचे निदान केले. आता शस्त्रक्रिया होणार म्हणून घरची माणसे मनाची तयारी करून बसली होती. परंतु डॉक्टरांनी दोन दिवस शिरेतून औषध दिले, मग आठ दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मुलाला घरी पाठविले. त्या दिवसापासून आजवर त्याचे पोट एकदाही दुखलेले नाही. असे असूनही गावात जो तो म्हणतो की पोराच्या पोटात पेटती वात तशीच ठेवून त्याला घरी धाडले. आता त्या मुलाची एका मालवाहू जहाजावर निवड झाली आहे आणि नऊ महिन्यांच्या सफरीचे पत्र केव्हाही येईल. भगिनी विचारतात, “तेव्हा ऑपरेशन केले नाही, यात डॉक्टरांनी हयगय केली काय? आणि जहाजावर जाण्याआधी आता ते करून घ्यावे काय?”

हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत आणि त्यांची उत्तरेही निरनिराळी आहेत. त्यांनी दवाखान्यातून घरी सोडतानाचा कागद अक्षरशः उतरवून पाठविला आहे, ही गोष्ट फार चांगली केली. त्या कागदावाचून आम्हांला एक ओळही लिहिता आली नसती.

आपल्या उदरात उजव्या बाजूस खाली, जेथे लहान आतडे संपून मोठे आतडे सुरू होते, तेथे करंगळीहून बारीक आणि तितकीच लांब अशी एक बंद पिशवी लोंबत असते. शुद्ध मराठीत तिला आंत्रपुच्छ म्हणतात; बोलताना आपण सारे अपेंडिक्सच म्हणतो. तिचे एक टोक मोठ्या आतड्यात उघडते आणि दुसरे बंद असते. ते उघडे तोंड कधी मळाच्या कठीण झालेल्या खड्याने, तर कधी आतील पेशींना आलेल्या सुजेने बुजते. मग आतला स्राव आतच कोंडतो, जंतू वाढतात आणि पिशवी फुगते. आरंभी दुखणे बेंबीभोवती, अस्पष्ट असे असते. अन्नावरची वासना जाते, एखादी उलटी होते. काही तासांनी ते दुखणे उजवीकडे खाली सरकते आणि एका जागी ठाण मांडते. खोकताना किंवा गाडीला हिसका बसताना तेथे कळ येते आणि अंगात थोडा ताप भरतो. ती पिशवी सडून फुटली तर आतला पू आणि मळ पोटात पसरतो. अपेंडिक्सने दगावणारा मनुष्य बहुधा या फुटण्याने दगावतो.

सन १८८६ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथील रेजिनाल्ड फिट्झ या वैद्याने या रोगाचे यथार्थ वर्णन केले आणि पिशवी वेळीच काढावी असे सांगितले. तेव्हापासून शंभर वर्षांहून अधिक काळ वैद्यकाचा एकच नियम होता: अपेंडिक्सला सूज आहे असे दिसले की ती काढून टाकावी. सुजलेली प्रत्येक अपेंडिक्स आज ना उद्या फुटणारच, अशी समजूत या नियमामागे होती. तो नियम वाईट नव्हता. त्याने असंख्य जीव वाचविले आहेत, आणि गावातील माणसे आज जे बोलतात ते त्याच नियमाचे पडसाद आहेत. म्हणून त्यांना हसण्याचे कारण नाही.

तथापि, औषधांनीच हा रोग बरा करून पाहावा, हा विचार काही कालपरवाचा नव्हे. कोल्ड्री नावाच्या एका इंग्रज शल्यवैद्याने सन १९५९ मध्ये आपला पाच वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात ४७१ रुग्णांवर त्याने शस्त्राऐवजी मुख्यतः अँटिबायोटिक औषधांनीच उपचार केले होते, आणि त्यांपैकी बहुतेक बरे झाले होते. त्याचे म्हणणे त्या काळी मागे पडले. आमच्या मते त्याचे कारण असे की, पोटावर हात ठेवून रोग ओळखता येत असे, पण आतली अपेंडिक्स नुसती सुजली आहे की सडत चालली आहे, हे बाहेरून सांगण्याचे खात्रीचे साधन कोणाजवळही नव्हते. ज्याची निवड करता येत नाही, त्याच्या बाबतीत सर्वांवर शस्त्र चालविणे हेच शहाणपणाचे होते.

त्याच सुमारास घडलेला एक प्रसंग या दृष्टीने मोठा बोधक आहे. सन १९६१ च्या एप्रिल महिन्यात दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिक खंडावर, नोवोलाझारेव्स्काया नावाच्या सोव्हिएत तळावर, लिओनिद रोगोझोव्ह हा २७ वर्षांचा डॉक्टर बारा सोबत्यांसह हिवाळा काढीत होता. त्या तळावरचा एकुलता एक डॉक्टर तोच. २९ एप्रिलला त्याचे पोट दुखू लागले, मळमळ सुरू झाली, ताप आला. आपल्याला काय झाले आहे हे त्याला तत्काळ कळले. प्रथम त्याने अँटिबायोटिके घेऊन पाहिली. परंतु दुसऱ्या दिवशी प्रकृती अधिकच ढासळली. हिमवादळामुळे विमान येणे शक्य नव्हते. तेव्हा ३० एप्रिलच्या रात्री त्याने पोटाच्या कातडीत बधिर करणारे औषध टोचले, एका सोबत्याच्या हाती आरसा दिला, आणि स्वतःची अपेंडिक्स स्वतःच्या हातांनी कापून काढली. या कामी पावणेदोन तास लागले. काढलेल्या अपेंडिक्सच्या बुडाशी काळा डाग पडलेला त्याला दिसला. आणखी एक दिवस लोटला असता तर ती फुटली असती, असे त्याने आपल्या टिपणात लिहून ठेवले. दोन आठवड्यांनी तो पुन्हा कामावर रुजू झाला.

कोल्ड्रीचे रुग्ण औषधांनी बरे झाले, आणि रोगोझोव्हला औषधांनी गुण आला नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आजच्या शास्त्राचे मत असे होत चालले आहे की, अपेंडिक्सचा दाह हा एकच रोग नसून त्याचे दोन प्रकार आहेत. एकात सूज येते आणि ती औषधाने, क्वचित आपोआपही, ओसरते. दुसऱ्यात पिशवी लवकर सडते आणि फुटण्याच्या वाटेला लागते. पहिला प्रकार दुसऱ्यात बदलण्याची वाट पाहत बसलेला असतोच असे नाही. सोनोग्राफी आणि त्याहून अधिक खात्रीचा सी. टी. स्कॅन, या साधनांमुळे हे दोन प्रकार बऱ्याच अंशी वेगळे ओळखता येऊ लागले, आणि म्हणूनच औषधाचा मार्ग पुन्हा मोकळा झाला.

आता भगिनींनी पाठविलेला कागद वाचू. “आजार सुरू होऊन १४ तास. ताप १००.४. रक्तातील पांढऱ्या पेशी १३,८००. सी. टी. स्कॅन : अपेंडिक्सची जाडी ९ मिलिमीटर, भिंतीला सूज, खडा नाही, फुटल्याचे चिन्ह नाही, पूचा साठा नाही, गाठ नाही.” सामान्यतः निरोगी अपेंडिक्सची जाडी ६ मिलिमीटरच्या आत असते आणि पांढऱ्या पेशी अकरा हजारांच्या आत असतात. म्हणजे सूज खरीच होती. निदानात शंका नव्हती. परंतु कागदावरील महत्त्वाचे शब्द पुढचे आहेत, आणि त्यांतही “खडा नाही” हे दोन शब्द सर्वांत महत्त्वाचे. ते का, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

अमेरिकेत पंचवीस रुग्णालयांनी मिळून १,५५२ प्रौढ रुग्णांवर एक मोठी चाचणी केली आणि सन २०२० मध्ये तिचे पहिले फळ जाहीर झाले. निम्म्या रुग्णांवर शस्त्रक्रिया केली, निम्म्यांना दहा दिवस अँटिबायोटिके दिली. औषध दिलेल्यांपैकी ज्यांच्या अपेंडिक्समध्ये खडा नव्हता, अशा दर शंभरांतील २५ जणांना पहिल्या तीन महिन्यांत अखेर शस्त्रक्रिया करावी लागली; ज्यांच्यात खडा होता, अशा शंभरांतील ४१ जणांना. पुढे पू साठणे व तत्सम उपद्रवांची गणती केली तेव्हा अंतर याहूनही ठळक दिसले. खडा नसलेल्यांत औषध घेतले काय किंवा शस्त्रक्रिया केली काय, उपद्रवांचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. खडा असलेल्यांत मात्र औषध घेणाऱ्यांना शंभरांमागे २० उपद्रव झाले, आणि शस्त्रक्रिया केलेल्यांना ४ देखील नाहीत. तोंडाशी अडकलेला खडा औषधाने विरघळत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे यात नवल वाटत नाही. खडा दिसला असता तर या मुलाला आम्हीही शस्त्रक्रियेचाच सल्ला दिला असता.

खड्याखेरीज आणखी काही जणांनी औषधाच्या वाटेस जाऊ नये. अपेंडिक्स फुटली आहे आणि पोट लाकडासारखे कडक झाले आहे, त्याला शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही. गरोदर स्त्रीच्या बाबतीत अपेंडिक्स फुटणे हे पोटातील बाळाच्या जिवावर बेतते, म्हणून तेथे बहुधा शस्त्रक्रियाच पसंत करतात. अवयवरोपण झालेल्या किंवा कर्करोगाची औषधे चालू असलेल्या, म्हणजे ज्यांची रोगाशी झुंजण्याची शक्तीच औषधांनी दडपलेली आहे अशांचा या चाचण्यांत समावेश केलेला नव्हता; म्हणून त्या चाचण्यांचा दाखला त्यांना लागू पडत नाही. वयाची चाळिशी उलटलेल्या रुग्णात क्वचित सुजेच्या आड गाठ दडलेली असते. अशांना औषधाने बरे वाटले तरी पुढील तपासणी टाळता येत नाही. मुलांविषयी विचाराल तर, ५ ते १६ वर्षांच्या ९३६ मुलांवर पाच देशांत झालेल्या चाचणीत, जिचा निष्कर्ष सन २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, औषध दिलेल्या शंभर मुलांपैकी ३४ मुलांत वर्षभराच्या आत तो उपचार निष्फळ ठरला. आईबापांनी निर्णय घेण्यापूर्वी एवढा आकडा ऐकून ठेवावा.

या कसोट्यांना आपल्या भगिनींचा मुलगा उतरला होता. तरुण, एरवी निरोगी, लवकर आणलेला, स्कॅनमध्ये खडा नाही, पू नाही. म्हणून त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: डॉक्टरांनी हयगय केली नाही. त्यांनी मुलाला दोन दिवस नजरेखाली ठेवले, हेही योग्यच केले. औषध लागू पडत असेल तर एक-दोन दिवसांत ताप उतरतो, दुखणे कमी होते, भूक परतते. तसे झाले नाही, किंवा दुखणे पोटभर पसरू लागले, तर औषध हरले असे समजून शस्त्रक्रिया करतात. रोगोझोव्हच्या बाबतीत हेच घडले होते. याचा अर्थ असा की, औषधाचा उपचार हाही रुग्णालयातील उपचार आहे आणि शस्त्रक्रियेची सोय हाताशी असतानाच तो करावयाचा असतो. बाजारातील औषधाच्या दुकानातून कोणत्या तरी गोळ्या आणून घरच्या घरी गिळणे म्हणजे हा उपचार नव्हे. त्यातून आपल्याकडे पोटातील जंतूंपैकी पुष्कळसे नेहमीच्या अँटिबायोटिकांना दाद देईनासे झाले आहेत. परदेशात यशस्वी ठरलेले औषध येथे तितकेच चालेल असे गृहीत धरता येत नाही, आणि कोणते द्यावे हे डॉक्टरांनाच ठरवावे लागते.

राहिला दुसरा, अधिक अवघड प्रश्न. कागदाच्या तळाशी डॉक्टरांनी लिहिले आहे, “पुन्हा उद्भवण्याचा संभव शंभरांत ४०.” या एका ओळीने त्या घराची झोप उडविली आहे. शंभरांत चाळीस म्हणजे जवळजवळ निम्मे, म्हणजे आपला मुलगा सतत अर्ध्या मरणाच्या छायेत वावरतो आहे, असा अर्थ मातेने घेतला आहे. हा अर्थ बरोबर नाही.

हा आकडा कोठून आला ते पाहू. फिनलंड देशात सहा रुग्णालयांत, सन २००९ ते २०१२ या काळात, १८ ते ६० वर्षे वयाच्या ५३० रुग्णांवर चाचणी झाली. स्कॅनमध्ये ज्यांच्या अपेंडिक्समध्ये खडा, फूट वा पू नाही अशांनाच तीत घेतले होते. म्हणजे सारे रुग्ण आपल्या या मुलासारखेच. त्यांपैकी औषध दिलेल्या २५६ जणांची पुढे पाच वर्षे विचारपूस ठेवण्यात आली. पाच वर्षांत त्यांतील १०० जणांची अपेंडिक्स काढावी लागली. शंभरांत सुमारे ३९. डॉक्टरांनी लिहिलेले ४० ते हेच.

परंतु ही शंभर माणसे पाच वर्षांवर सारखी पसरलेली नव्हती. पंधरा जणांना तर पहिल्याच आजारात, रुग्णालयात असतानाच, औषधाने गुण आला नाही. पहिले वर्ष संपेपर्यंत एकूण ७० जणांची शस्त्रक्रिया होऊन गेली होती. राहिले १८६. यांच्यापैकी दुसऱ्या वर्षात १७ जणांची पाळी आली, आणि नंतरच्या तीन वर्षांत मिळून अवघ्या १३ जणांची. म्हणजे धोका सर्वांत मोठा आरंभी असतो आणि दिवस जातील तसा तो ओसरत जातो. पेरणीनंतर जी रोपे पहिल्या पंधरवड्यात मरावयाची ती मरतात. जी तग धरतात, त्यांची चिंता शेतकरी तेवढी करीत नाही. तसेच हे आहे. ज्याने पहिले वर्ष निर्विघ्न पार केले, त्याने शंभरांत चाळीस हा आकडा उशाशी घेऊन झोपू नये; तो आकडा पहिल्या दिवशीच्या रुग्णाचा आहे. त्या १८६ जणांना पुढील चार वर्षांत ३० शस्त्रक्रिया लागल्या, म्हणजे शंभरांत सुमारे १६. अमेरिकेतील चाचणीतही वर्षाअखेर शंभरांत ४०, दोन वर्षांअखेर ४६ आणि तीन-चार वर्षांअखेर ४९, असाच उतार दिसला. तेथील आकडे थोरले आहेत, कारण तेथे खडा असलेल्यांनाही घेतले होते.

दुसरी गोष्ट याहून अधिक महत्त्वाची आहे. पुन्हा उद्भवणे म्हणजे फुटणे नव्हे. फिनलंडमध्ये रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढे कधीतरी ज्यांची शस्त्रक्रिया झाली, असे ८५ जण होते. त्यांची पोटे उघडली तेव्हा ७६ जणांत साधी सूज निघाली, ७ जणांत तर सूज मुळी नव्हतीच, आणि गुंतागुंतीचा रोग झालेले केवळ दोघे निघाले. म्हणजे बहुतेकांचे नुकसान एवढेच झाले की, जी शस्त्रक्रिया पहिल्या दिवशी व्हावयाची ती काही महिन्यांनी झाली. पेटत्या वातीची उपमा येथे लागू पडत नाही. मात्र या आकड्यांच्या मागे एक अट दडलेली आहे आणि ती आम्ही वाचकांपासून लपवू इच्छित नाही: ही सारी माणसे दुखू लागताच काही तासांत रुग्णालयात पोचू शकत होती. धोका लहान राहिला तो या अटीवर.

आणि नेमकी तीच अट जहाजावर मोडते. ज्या जहाजावर शंभराहून कमी माणसे असतात त्यावर डॉक्टर असण्याची आंतरराष्ट्रीय नियमाने सक्ती नाही. मालवाहू जहाजावर वीस-पंचवीस माणसे. औषधांची पेटी एका अधिकाऱ्याच्या ताब्यात. किनाऱ्यावरील डॉक्टरांशी बिनतारी सल्लामसलत करावयाची आणि त्यांनी सांगितलेले औषध द्यावयाचे. त्या पेटीत अँटिबायोटिके असतात, आणि ज्याला ती पूर्वी एकदा लागू पडली त्याला पुन्हा लागू पडण्याचा बराच संभव असतो, ही जमेची बाजू. परंतु न पडली तर बंदर कित्येक दिवसांच्या अंतरावर असू शकते. ऑस्ट्रेलियाच्या अंटार्क्टिक तळांवर हिवाळा काढण्यास जाणाऱ्या डॉक्टरांना आधी निरोगी अपेंडिक्ससुद्धा काढून घ्यावी लागते, ती याच कारणासाठी.

म्हणून आता हिशेब मांडू. मुलगा चौदाव्या महिन्यात आहे, म्हणजे दुसऱ्या वर्षात. त्या वर्षाचा धोका १८६ मध्ये १७, म्हणजे शंभरांत सुमारे ९. लगेच निघाल्यास नऊ महिन्यांच्या सफरीत हे दुखणे उलटण्याचा संभव शंभरांत सहा-सात धरावा. हा काही भयंकर आकडा नव्हे. शंभरांतील त्र्याण्णव मुले सफर पुरी करून सुखरूप परततील. घरी राहणाऱ्या, रुग्णालयापासून तास-दीड तासाच्या अंतरावर असणाऱ्या मुलाला आम्ही एवढ्यासाठी शस्त्रक्रिया करून घे असे मुळीच सांगणार नाही, आणि बहुतेक शल्यवैद्यही सांगणार नाहीत. ज्याला काहीच दुखत नाही त्याच्यावर शस्त्र चालविण्याची सर्वसाधारण रीत नाही. परंतु भर समुद्रात तेच सहा-सात निराळे वजन धारण करतात.

यातून तीन वाटा निघतात. पहिली, जहाजावर चढण्यापूर्वी अपेंडिक्स काढून घेणे. सूज नसताना दुर्बिणीतून, तीन लहान छिद्रांवाटे केलेली ही शस्त्रक्रिया बहुधा एका-दोन दिवसांत घरी पाठविते. तीही सर्वस्वी निर्धोक नाही. भूल द्यावी लागते, जखम चिघळू शकते, आणि पुढे कधीकाळी आतडी एकमेकांस चिकटण्याचा थोडा संभव राहतो. जहाजावर जड उचलावे लागते, यास्तव निघण्याच्या निदान दीड-दोन महिने आधी ती उरकली पाहिजे. आठवड्यावर सफर आली असताना नव्हे. दुसरी वाट, दहा महिने थांबून पुढच्या भरतीत जाणे. दोन वर्षे सुखरूप लोटली की वर्षाचा धोका शंभरांत तीनच्याही खाली येतो. तिसरी वाट, आहे तसे जाणे आणि धोका पत्करणे. मुलगा सज्ञान आहे, निवड त्याची आहे. आमचे मत विचाराल तर नोकरी जाण्याची भीती नसेल तर थांबावे, आणि असेल तर वेळ राखून शस्त्रक्रिया करून घ्यावी. तिसरी वाट आम्हांला रुचत नाही. पण ती वेडेपणाची आहे असेही आम्ही म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही वाटेने गेले तरी करू नये. खलाशाची नोकरी धरणाऱ्यास सरकारमान्य डॉक्टरकडून प्रकृतीचा दाखला घ्यावा लागतो. नोकरी हातची जाईल या भयाने तेथे चौदा महिन्यांपूर्वीचा आजार दडवून ठेवण्याचा मोह होईल. तो दडविला आणि समुद्रात दुखणे उद्भवले, तर किनाऱ्यावरून सल्ला देणाऱ्या डॉक्टरला खरी हकीकत कळणार नाही आणि मौल्यवान तास फुकट जातील.

राहता राहिले गावच्या घरांसाठी दोन शब्द, कारण हे पत्र वाचणाऱ्यांत औषधाने बरे झालेले आणखीही कोणी असतील. पुन्हा दुखू लागले तर ते बहुधा पहिल्यासारखेच दुखते, आणि ज्याने ते एकदा सोसले आहे तो ते ओळखतो. अशा वेळी पोट साफ व्हावे म्हणून एरंडेल पाजू नये; आतड्यांना जोर येऊन फुगलेली पिशवी फुटू शकते. पोट गरम पाण्याच्या पिशवीने शेकीत बसू नये, आणि वेदनाशामक गोळ्यांवर रात्र काढू नये. तीव्र दुखणे एकाएकी थांबले आणि अंगावर घाम सुटला, तर “देवाच्या कृपेने उतार पडला” असे समजून स्वस्थ बसू नये. पिशवी फुटल्यावर ताण निघून जाऊन काही काळ असेच बरे वाटते आणि मग सारे पोट पेटते. पावसाळ्यात ज्या गावांचा ओढ्यानाल्यांमुळे रस्ता तुटतो, तेथील रुग्णाने औषध की शस्त्र हे ठरविताना ही गोष्ट डॉक्टरांस आपण होऊन सांगावी. त्यांच्या स्कॅनमध्ये ओढा दिसत नाही.

आणि ज्या गावात स्कॅनची सोयच नाही, जेथे अपेंडिक्समध्ये खडा आहे की नाही हे कोणीच सांगू शकत नाही, तेथे जुना नियमच अजून खरा आहे. तेथील शल्यवैद्य शस्त्रक्रिया सुचवीत असतील तर ते मागासलेले आहेत असे समजू नये.

भगिनींनी तो कागद नीट जपून ठेवावा, त्याची एक प्रत मुलाच्या पेटीत, पासपोर्टबरोबर ठेवावी, आणि “खडा नाही” या शब्दांखाली लाल शाईने रेघ ओढावी.